नायगारा: अमेरिकन धबधब्याच्या पायथ्याशी दगडांचा ढीग आहे, शेजारच्याच्या पायथ्याशी का नाही?

सायली_टोरांटो · शनिवार, रात्री ९:४०

आई-बाबा आलेत, म्हणून परवा नायगाराला गेलो. कॅनडाच्या काठावर उभं राहिलं की समोर अमेरिकन धबधबा आणि उजवीकडे नालेच्या आकाराचा हॉर्सशू, दोन्ही दिसतात. मी आठ-नऊ वेळा गेले असेन, पण आईने पहिल्याच खेपेला विचारलं, "हे दगड कुणी आणून टाकले गं?" अमेरिकन धबधब्याच्या खाली घराएवढ्या दगडांची रास आहे, पाणी तिच्यावर आदळून फुटतं. हॉर्सशूच्या खाली मात्र एकही दगड दिसत नाही, नुसतं हिरवं, फेसाळ पाणी.

मी म्हटलं, वरून पडले असतील. तर आई म्हणाली, मग त्या दुसऱ्याचे कुठे गेले? मला उत्तर देता आलं नाही. नदी एक, खडक एक, दोन धबधबे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. मग एकाकडे ढीग आणि दुसऱ्याकडे काहीच नाही, हे कसं? तिथल्या फलकावर लिहिलं होतं की हे धबधबे हजारो वर्षांत ११ किलोमीटर मागे सरकलेत. त्याचा आणि या दगडांचा काही संबंध आहे का?

गिरिजा_ठाणे · शनिवार, रात्री १०:१५

मागे सरकणारा धबधबा आपल्या नाणेघाटातही आहे की! पावसाळ्यात पाणी कड्यावरून खाली पडायच्या ऐवजी उलटं वर उडतं. आम्ही मागच्या जुलैमध्ये पाहिला, चिंब भिजलो. नायगारालाही वारा एवढा असतो का?

सायली_टोरांटो · शनिवार, रात्री १०:२२

गिरिजा, नाणेघाटात वारा पाणी उलटं फेकतो. इथे पाणी सरळच पडतं, पण ज्या कड्यावरून पडतं तो कडाच नदीच्या वरच्या बाजूला सरकत जातो. आज जिथे धबधबा आहे तिथे पूर्वी नदीचं साधं पात्र होतं, असं.

भटक्या८७ · शनिवार, रात्री ११:०५

सोपं आहे. पाणी कड्याच्या काठावरून जाताना काठ झिजवतं. रोज थोडा थोडा. पायरीची कड जशी पाय पडून पडून गोल होते तसं. वर्षाला साधारण एक मीटर. म्हणजे धबधब्यापासून ईरी सरोवर तीसेक किलोमीटर वर आहे, तर ३० हजार वर्षांत धबधबा सरोवराला जाऊन भिडणार आणि सरोवर रिकामं होणार. हॉर्सशूला पाणी जास्त म्हणून तो जास्त झिजतो. दगडांचं म्हणाल तर अमेरिकन बाजूचा खडक ठिसूळ असावा.

वसुधा_मिरज · रविवार, सकाळी ७:३०

सायली, तुझ्या आईने नेमका मुद्द्याचा प्रश्न विचारलाय. मी तीस वर्षं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं आणि नायगारा दरवर्षी फळ्यावर काढला, पण मुलांचं लक्ष कायम वरच्या कड्याकडे असायचं. उत्तर पायथ्याशी आहे.

भटक्या, हॉर्सशूला पाणी जास्त म्हणून तो जास्त सरकतो, हे तुमचं बरोबर आहे. काठ झिजतो, हे मात्र नाही. पायरीसारखा काठ झिजला असता तर तो गोल झाला असता, कडा हळूहळू उतरता होऊन शेवटी नुसती घसरंड उरली असती. तसं झालेलं नाही. १२ हजारांहून जास्त वर्षं झाली तरी कडा सरळ उभाच आहे.

खडक कसा रचलेला आहे ते बघा. सगळ्यात वर डोलोमाइटचा जाड, कठीण थर. चुनखडीचा भाऊ, पण जास्त चिवट. जाडी साधारण २०-२५ मीटर. त्याच्या खाली जवळपास तेवढाच जाड शेलचा थर. शेल म्हणजे समुद्रतळाचा चिखल दाबून झालेला पापुद्र्यांचा खडक. कोरडा असताना हातात घट्ट वाटतो, पण चार वेळा भिजवून वाळवला की त्याचे पापुद्रे सुटतात आणि शेवटी चुरा होतो. नदीचं पाणी वरच्या डोलोमाइटला फारसं काही करू शकत नाही. खालचा शेल मात्र तुषारांनी भिजतो, हिवाळ्यात भेगांतलं पाणी गोठून फुगलं की आणखी सुटतो, आणि डोहात घुसळणारे दगड त्याला घासत राहतात. शेल आत गेला की वरचा डोलोमाइट निराधार होतो. त्या थरात मुळातच उभ्या भेगा असतात. अशा एखाद्या भेगेशी अख्खी भिंत सुटते आणि कोसळते. झाला धबधबा काही मीटर मागे. मग पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे वर्षाला एक मीटर हा नुसता हिशेब आहे. प्रत्यक्षात बरीच वर्षं काहीच हलत नाही आणि एका सकाळी एकदम मोठा तुकडा जातो.

आता तुझ्या आईचा प्रश्न. कोसळलेल्या दगडांचं पुढे काय होतं, यावर सगळं ठरतं. हॉर्सशूवरून नदीचं साधारण ९० टक्के पाणी जातं. त्याने पायथ्याशी ३० मीटरहून खोल डोह खोदलाय. वरून पडलेला दगड त्या डोहात जात्यात सापडल्यासारखा घुसळतो, फुटतो, त्याची वाळू होऊन वाहून जाते. आणि घुसळताना तोच दगड शेल खरवडत राहतो. अमेरिकन धबधब्याच्या वाट्याला उरलेलं १० टक्के पाणी येतं. एवढ्या पाण्याला घराएवढा दगड हलवता येत नाही, म्हणून दगड पडला तिथेच राहतो. त्यावर दुसरा पडतो. रास उंच होत गेली की पडणारं पाणी तिच्यावरच आदळतं, खालच्या शेलपर्यंत त्याचा मार पोचत नाही. त्या धबधब्याने स्वतःच्याच पायाशी बांध घातलाय. खडक दोन्हीकडे तोच आहे, ठिसूळ-बिसूळ काही नाही.

माणदेशी · रविवार, सकाळी ९:१२

वसुधाताई, नमस्कार. तुमचं वाचून माझ्या विहिरीची आठवण आली म्हणून लिहितोय. विषय सोडून असेल तर सांगा.

आमच्या विहिरीत वरून सहा फूट माती-मुरूम, मग दहा-बारा फूट काळा पाषाण. त्याला सुरुंग लावून घाम निघाला होता. त्याखाली हातभर जाडीचा तांबडा गेरूचा पट्टा, मग मांजऱ्या. खणताना गेरू पहारीने निघायचा. आता सात-आठ वर्षांत त्या पट्ट्याची वीतभराहून जास्त खोल खोबण झालीय, चारी बाजूंनी. उन्हाळ्यात विहीर आटली की गेरू वाळून तडकतो, पावसाळ्यात पाणी चढलं की चिखल होऊन गळतो. मागच्या भाद्रपदात उत्तरेकडच्या बाजूने काळ्या पाषाणाचा बैलगाडीएवढा तुकडा सुटून आत पडला. खालून मोटारीचा पाइप मोडला, माणूस कोणी नव्हता हे नशीब.

गावात सगळे म्हणाले सुरुंग जास्त झाला. पण सुरुंगाला आठ वर्षं झालीत. तुम्ही सांगताय तसंच झालं का? माझ्या विहिरीत तर वरून पाणी पडत नाही.

वसुधा_मिरज · रविवार, सकाळी ९:५०

विषय सोडून मुळीच नाही. इतकी वर्षं मी फळ्यावर आकृती काढत होते, त्याऐवजी तुमची विहीर दाखवायला हवी होती.

हो, तसंच झालं. आणि तुमच्या शेवटच्या वाक्यातच मोठी गोष्ट आहे: वरून पाणी पडत नाही, तरी कडा कोसळला. पाण्याच्या माराची गरजच नव्हती. मऊ पट्टा भिजणं, वाळणं, तडकणं, गळणं एवढं पुरे झालं. नायगाराच्या शेलमध्येही हेच चालतं, वर तिथे बर्फ आहे. सुरुंगाने उभ्या भेगा थोड्या उघडल्या असतील, ते मी नाकारत नाही. पण पाषाण सुटला तो खालचा गेरू गेला म्हणून.

फरक एवढाच की विहिरीत वाहतं पाणी नाही. पडलेला तुकडा तुम्ही क्रेन आणून काढलात तर खोबण उघडी राहील आणि काम पुढे चालेल. काढला नाहीत तर त्या बाजूला तो अमेरिकन धबधब्यातल्या राशीसारखा टेकू होईल.

भटक्या८७ · रविवार, दुपारी १२:३०

बरं, काठ झिजत नाही हे पटलं. पण मग ३० हजार वर्षांचा हिशेब का चुकीचा? ११ किलोमीटर भागिले १२,५०० वर्षं म्हणजे वर्षाला ०.८८ मीटर. मी एक मीटर धरलं, फार लांब नाही.

वसुधा_मिरज · रविवार, दुपारी २:१०

भागाकार बरोबर आहे, पण त्या सरासरीत दोन अगदी वेगळे काळ मिसळलेत.

हिमयुगाचा बर्फ उत्तरेकडे हटला तेव्हा ईरी सरोवराचं पाणी क्वीन्स्टनच्या कड्यावरून पडायला लागलं, ही सुरुवात. पण वरच्या मोठ्या सरोवरांचं पाणी कायम नायगारातून गेलेलं नाही. बर्फाच्या भाराखाली दबलेली उत्तरेकडची जमीन तेव्हा खाली होती, म्हणून सुमारे ५ हजार वर्षं त्या सरोवरांनी उत्तरेकडून ओटावा नदीच्या वाटेने पाणी सोडलं. त्या काळात नायगारात फक्त ईरीचं पाणी उरलं, आजच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं. म्हणजे अख्खा नायगारा तेव्हा आजच्या अमेरिकन धबधब्यासारखा होता. मग जमीन हळूहळू वर आली, उत्तरेची वाट बंद झाली आणि पाणी परत इकडे वळलं.

आता हिशेब पुन्हा करा. त्या ५ हजार वर्षांत धबधबा अजिबात सरकला नाही असं धरलं तर ११ हजार मीटर भागिले ७,५००, म्हणजे वर्षाला दीड मीटरच्या आसपास. थोडा सरकला असणारच, म्हणून खरा आकडा ०.८८ आणि दीडच्या मध्ये कुठेतरी. जेम्स हॉल या भूगर्भशास्त्रज्ञाने १८४२ साली हॉर्सशूच्या काठाची मोजणी करून नकाशा केला. त्याच्याशी १९०५ ची मोजणी ताडून पाहिली तर वर्षाला सुमारे १.२ मीटर निघतं. मध्येच बसतं.

पण पुढच्या ३० हजार वर्षांना तोही आकडा लावता येत नाही. आज नदीचं बरंचसं पाणी धबधब्याच्या आधीच बोगद्यांतून वीजघरांकडे वळवतात. अमेरिका आणि कॅनडामध्ये १९५० साली करार झाला. त्यानुसार पर्यटनाच्या मोसमात दिवसा सेकंदाला निदान २,८३२ घनमीटर पाणी धबधब्यावर सोडावंच लागतं, रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मं. नदीत सरासरी साडेपाच हजारांहून जास्त येतं. म्हणजे दिवसा साधारण अर्धी नदी आणि रात्री पाव. हॉर्सशूची चाल आता वर्षाला फुटाच्या आसपास धरतात.

शिवाय खडकाचे थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत आणि धबधबा सरकतोय दक्षिणेलाच. जसजसा मागे जाईल तसतसा कठीण थराचा माथा खाली खाली येत जाणार आणि शेल पाण्याखाली बुडत जाणार. खोबण पडायला उघडा शेलच उरला नाही की उभा कडा टिकणार नाही, खळाळत्या उतारांची रांग उरेल. सरोवर एका दिवसात रिकामं व्हायची भीती नको.

बफेलोकर · रविवार, रात्री ८:२०

मी या बाजूला अकरा वर्षं राहतोय, थोडी भर घालतो.

अमेरिकन धबधब्याची ती रास बरीचशी अलीकडची आहे. १९३१ मध्ये मोठा भाग कोसळला आणि १९५४ मध्ये प्रॉस्पेक्ट पॉइंटपाशी आणखी मोठा, सुमारे १ लाख ८५ हजार टन. लोकांना वाटायला लागलं की असंच चाललं तर धबधबा राहणारच नाही, नुसती दगडी घसरंड होईल. म्हणून १९६९ च्या जूनमध्ये लष्कराच्या अभियंत्यांनी वर मातीचा आणि दगडांचा बांध घालून अमेरिकन धबधबा चक्क बंद केला. सगळं पाणी हॉर्सशूकडे. नोव्हेंबरपर्यंत कडा कोरडा होता आणि लोक तो कोरडा कडा बघायला लोटले. अभियंत्यांनी खडकात भोकं पाडून तपासलं, काही ठिकाणी लोखंडी सळ्या ठोकून भेगा आवळल्या.

मूळ विचार राशीतले दगड उचलायचा होता. शेवटी १९७५ मध्ये ठरलं की राहू दे, निसर्गाचं काम निसर्गाला करू द्या. आणखी एक मुद्दा होता: ती रासच कड्याला टेकू देत असेल तर ती काढून आपण नवी कोसळ ओढवून घेऊ. वसुधाताईंनी माणदेशींना विहिरीबद्दल सांगितलं ते वाचताना मला हेच आठवलं.

आणि त्या खोबणीचा पुरावा पाहायचा तर ब्रायडल व्हेल, म्हणजे अमेरिकन बाजूचा छोटा धबधबा. त्याच्या मागे खरोखरची मोठी गुहा होती, 'केव्ह ऑफ द विंड्स' म्हणायचे. लोक आत जायचे. १९५४ च्या कोसळीनंतर ती धोक्याची झाली आणि पुढच्या वर्षी वरचा लोंबता कडा सुरुंग लावून पाडला. आज त्या नावाने पर्यटकांना लाकडी जिन्यांवरून धबधब्यापाशी नेतात, गुहा नाही. ते जिने दर हिवाळ्याआधी काढतात आणि वसंतात नव्याने बांधतात. बर्फ त्यांना ठेवत नाही.

भटक्या८७ · रविवार, रात्री ९:०५

म्हणजे दूधसागरही असाच मागे सरकतोय? तिथेही पायथ्याशी मोठाले धोंडे आहेत. रेल्वेच्या पुलाखालून पाहिलेत.

वसुधा_मिरज · सोमवार, सकाळी ६:५५

दूधसागरला ही गोष्ट लावू नका. तिथला खडक ग्रॅनाइटी, फार जुना, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टच्याही कितीतरी आधीचा. त्यात कठीण-मऊ असे आडवे थर नाहीत. म्हणूनच पाणी मोकळं उडी मारत नाही, टप्प्याटप्प्याने खडकाला चिकटून उतरतं. फोटो नीट बघा, पाण्यामागे पोकळी दिसत नाही. पायथ्याशी धोंडे कुठल्याही कड्याखाली असतात.

बेसाल्टच्या प्रदेशात, म्हणजे घाटावरच्या आपल्या धबधब्यांत, थर आहेत: काळा पाषाण, मांजऱ्या, मध्येच गेरू. माणदेशींच्या विहिरीत दिसले तेच. तिथे गेरूच्या पट्ट्याशी खोबण दिसते, काही ठिकाणी धबधब्यामागून चालत जाता येतं ते यामुळेच. पण पट्टा पातळ, पाणी चार महिने, आणि ओढे लहान. पडलेले धोंडे हलवायची ताकद त्यांच्यात नसते. त्यामुळे सह्याद्रीत नायगारासारखी मैलोन्‌मैल मागे खोदत गेलेली घळई क्वचितच दिसते. अख्खा कडाच सगळीकडून थोडा थोडा ढासळत मागे जातो.

बफेलोकर · सोमवार, सकाळी ७:४०

ताई, एक विचारायचं राहिलं. हॉर्सशूच्या मागे कॅनडाने बोगदे काढलेत, तिथे मी गेलोय. पुस्तकातल्या आकृतीत डोलोमाइटखाली केवढी मोठी पोकळी दाखवतात. पण बाहेर डोकावलं तर भिंत जवळपास सरळ खाली जाताना दिसली. मग खोबण कुठे?

वसुधा_मिरज · सोमवार, सकाळी ८:३०

चांगलं निरीक्षण आहे. आकृतीत खोबण फुगवून काढतात, मीही काढायचे. प्रत्यक्षात शेल फार आत जायच्या आधीच वरचा थर सुटतो, कारण भेगा आधीच तयार असतात. थोडा आधार गेला तरी पुरतो. डोहातलं घासणं किती, बर्फ किती, भेगांत भरलेल्या पाण्याचा दाब किती, यावर अभ्यासकांमध्ये अजून एकमत नाही. मला स्वतःला डोहाचं काम सगळ्यात मोठं वाटतं, कारण पाणी कमी केल्यावर चाल मंदावली. पण दुसरी बाजू म्हणते की पाणी कमी झालं की तुषार आणि भिजणंही कमी होतं, आणि काठ लांब झाल्याने तेच पाणी जास्त पसरलं. त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

सायली, तू अजून वाचत असशील तर एक काम कर. धबधब्यापासून खाली, कॅनडाच्याच काठाने, नायगारा ग्लेन म्हणून जागा आहे. आईला जिने झेपणार असतील तर घेऊन जा. तिच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तिथे आहे.

माणदेशी · सोमवार, दुपारी १:१५

तुकडा अजून विहिरीतच आहे. काढायचा विचार होता, आता थांबलोय. गेरूच्या पट्ट्यापुरतं दगडी बांधकाम करून घ्यावं म्हणतो. चालेल का?

वसुधा_मिरज · सोमवार, दुपारी ३:००

चालेल, पण मागून झिरपणाऱ्या पाण्याला वाट हवी. बांधकामात दर दोन-तीन फुटांवर भोकं ठेवा, नाहीतर पावसाळ्यात मागे दाब साठून बांधकामच बाहेर ढकललं जाईल. उतरायच्या आधी वरच्या पाषाणात काठाला समांतर भेग आहे का ते बघा. असेल तर तिच्यात सिमेंटचा छोटा ठिपका लावून ठेवा. ठिपका तडकला तर भेग उघडतेय, मग कोणालाही आत उतरू देऊ नका आणि जाणकार माणूस आणून दाखवा. उत्तरेची बाजू गेली म्हणून बाकीच्या तीन सुरक्षित आहेत असं समजू नका, पट्टा चारी बाजूंना आहे.

सायली_टोरांटो · पुढचा शनिवार, संध्याकाळी ६:३०

ग्लेनला जाऊन आलो. आई लोखंडी जिन्याने हळूहळू उतरली, बाबा वरच थांबले.

खाली सगळं जंगल आहे. आणि त्या जंगलात दगड. अमेरिकन धबधब्याच्या खाली आहेत तसेच, घराएवढे, सपाट कडांचे, एकमेकांवर कलंडलेले, पण शेवाळलेले. काहींच्या माथ्यावर झाडं उगवलीत, मुळं दगडावरून खाली सोडून. एका दगडात रांजणाएवढा गोल खड्डा होता, आतून गुळगुळीत, आपल्या निघोजच्या रांजणखळग्यांसारखा. कड्याच्या पायथ्याशी एका जागी राखाडी पापुद्रे दिसले. आईने बोट लावलं तर चुरा खाली आला.

वसुधाताई, हा दुसरा धबधबा होता ना? नदी तेव्हाही बेटाने दुभागली होती, आणि ही बाजू हरली?

वसुधा_मिरज · पुढचा शनिवार, रात्री ८:१०

हो. गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाने ही जागा अशीच वाचली होती. मध्ये बेट, दोन बाजूंना दोन धबधबे. ज्याच्याकडे जास्त पाणी तो भराभर मागे गेला आणि बेटाच्या वरच्या टोकापलीकडे पोचल्यावर त्याने सगळी नदी आपल्याकडे ओढली. दुसरा जागीच कोरडा पडला, पायाशी स्वतःचे दगड ठेवून. ते दळायला पाणीच उरलं नाही, म्हणून अजून आहेत.

आज मधल्या बेटाचं नाव गोट आयलंड. हॉर्सशू त्याच्या वरच्या टोकाच्या दिशेने चाललाय.

सायली_टोरांटो · पुढचा शनिवार, रात्री ८:४५

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग त्या दगडांवर पण झाडं येतील.